सांगली ते नागपूर, 17.3 किलोचं पार्सल आणि 12.95 किलोची डिलिव्हरी: एका तक्रार पत्राची पूर्ण गोष्ट

मी सहा वर्षं एका कुरिअर कंपनीच्या क्लेम डेस्कवर होतो, म्हणजे पार्सल फुटलं, वस्तू गायब झाली की लोकांचे जे मेल आणि पत्रं येतात ती वाचून फाईल पुढे पाठवायची की तिथंच बंद करायची हे ठरवणाऱ्यांतला एक. ती नोकरी सोडून बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी फेब्रुवारीत माझ्याच मावशीचं पार्सल (दुसऱ्याच एका कंपनीकडून) अर्धं रिकामं पोचलं आणि मला पहिल्यांदा टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं पत्र लिहायला बसावं लागलं. त्या पत्राचं काय काय झालं ते इथं सगळं लिहितोय, कारण तक्रार कशी लिहू नये याचे नमुने मी शेकड्यांनी वाचलेत आणि बहुतेक लोकांचा दावा खरा असून पण नुसत्या पत्रामुळे पडलेला बघितलाय.

मावशी सांगलीत राहते. तिची मुलगी रेवा नोकरीसाठी नागपूरला गेली, तिथं भाड्यानं घर घेतलं, म्हणून मावशीनं एक मोठा खोका भरला. नवा मिक्सर, सहा कपबश्यांचा सेट, पितळी समयांची जोडी, तांब्याची कळशी, एक नवी इरकल साडी, दोन रोजच्या सुती साड्या, स्टीलचे डबे आणि प्लॅस्टिकच्या बरणीत कैरीचं लोणचं. 3 फेब्रुवारी 2025 ला, सोमवारी, तिनं घराजवळच्या एजंटकडे बुकिंग केलं. 8 तारखेला शनिवारी दुपारी पार्सल नागपूरला पोचलं. डिलिव्हरीवाल्यानं मोबाईलच्या स्क्रीनवर बोटानं सही घेतली, खोका दारात ठेवला आणि गेला. रेवानं वरची टेप कापली तर वर लोणच्याच्या तेलानं भिजलेले पेपर, खाली कपांचा चुरा, आणि कळशी नाही, समया नाहीत, इरकल नाही.

रेवानं मावशीला फोन केला, मावशीनं मला. मावशीचा आवाज इतका कापत होता की आधी मला वाटलं घरात काहीतरी झालंय. मी रेवाला लगेच फोन लावला आणि पहिली गोष्ट सांगितली की अगं काहीही फेकू नकोस, काहीही धुऊ नकोस, जे जे बाहेर काढलंयस ते सगळं, फुटलेले तुकडे आणि तेलकट पेपरसकट, परत खोक्यात घाल. ती म्हणाली, "दादा, सगळी फरशी तेलकट झालीय रे." मी म्हटलं फरशी पूस पण पेपर ठेव. मग तिला विचारलं की जवळपास इलेक्ट्रॉनिक काटा कुणाकडे आहे. तिच्या बिल्डिंगखालीच किराणा दुकान होतं. तिथं तिनं आणि शेजारच्या काकांनी खोका नेऊन काट्यावर ठेवला, काट्याचा आकडा आणि खोक्यावरचं कंपनीचं स्टिकर एकाच फोटोत येईल असा फोटो काढला. आकडा होता 12.95 किलो.

आता मावशीच्या पावतीकडे या. पावतीवर दोन वजनं असतात आणि बहुतेक लोक एकच बघतात. एक खरं वजन, म्हणजे काट्यावर आलेलं, आणि एक ज्यावर पैसे लावले ते वजन. खोका मोठा आणि हलका असेल तर कंपनी त्याच्या आकारमानावर पैसे लावते: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि सहसा 5000 नं भागायचं. मावशीचा खोका 50 बाय 40 बाय 40 चा, म्हणजे 80,000 भागिले 5000, 16 किलो. काट्यावर आलं होतं 17.3 किलो, ते जास्त म्हणून तेच धरलं आणि अर्ध्या किलोत वर नेऊन 17.5 किलोचे 48 रुपये दरानं 840 रुपये लावले, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 991. हे सगळं मी इतकं सविस्तर सांगतोय कारण इथंच एक मोठी चूक होते. समजा तुमच्या पावतीवर फक्त आकारमानाचं वजन छापलंय आणि तुम्ही ते डिलिव्हरीच्या खऱ्या वजनाशी लावून "चार किलो कमी" असा दावा केलात, तर क्लेम डेस्कवरचा माणूस दोन मिनिटांत दाखवून देतो की ते वजन कधी खरं नव्हतंच, आणि मग तुमचं बाकीचं खरं म्हणणं पण संशयात जातं. मावशीच्या नशिबानं एजंटनं दोन्ही आकडे लिहिले होते. बुकिंग करताना पावतीवर खरं वजन लिहून घ्या, तो एकच आकडा पुढे साक्षीदार होतो.

17.3 मधून 12.95 गेले, राहिले 4.35 किलो. एवढं वजन वाटेत कुठंतरी खोक्यातून बाहेर गेलं.

मावशीनं तोपर्यंत स्वतःच एक पत्र लिहून मला व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं. दोन पानं. त्यात होतं की तुमच्या हलगर्जीपणामुळे माझ्या मुलीच्या नव्या संसाराचा पहिलाच दिवस कसा वाया गेला, तुमच्या माणसांनी उघड उघड चोरी केलीय, समया मी किती हौसेनं घेतल्या होत्या, आणि शेवटी "सर्व मिळून अंदाजे 25,000 रुपयांचं नुकसान झालं असून ते तात्काळ भरून द्यावं". मला वाचताना वाईट वाटलं, कारण तिचा प्रत्येक शब्द खरा होता, फक्त तो आकडा सोडून. मी तिला विचारलं, "मावशी, पंचवीस हजार कुठून आले?" ती म्हणाली, "अरे बाळा, मनस्ताप नाही का झाला?" झालाच. पण क्लेम डेस्कवर बसलेला माणूस असं पत्र वाचतो तेव्हा त्याला "अंदाजे" हा शब्द आणि गोल आकडा दिसतो आणि तो फाईलवर लिहितो की किमतीचा पुरावा नाही. बंद. चोरी या शब्दाचं पण तसंच, चोरी कुणी केली हे आपल्याला माहीत नाही आणि दाखवता येत नाही, आपल्याला फक्त एवढंच दाखवता येतं की भरताना वस्तू होत्या आणि पोचल्यावर नव्हत्या, आणि कंपनीला जबाबदार धरायला तेवढं पुरतं. कंपनीच्या आतल्या भाषेत पण यासाठी वेगवेगळे कप्पे असतात, फुटलेलं वेगळं, वाटेत काढून घेतलेलं वेगळं, मुळातच कमी पोचलेलं वेगळं, आणि तिन्हीची चौकशी वेगवेगळ्या ठिकाणी होते. म्हणून पत्रात फुटलेल्या आणि गायब वस्तू एकत्र कालवू नयेत.

मग आम्ही एकेक वस्तू घेतली.

समयांचं बिल मावशीकडे होतं आणि इथं एक गोष्ट आपल्या बाजूनं निघाली जी मला स्वतःला आधी सुचली नव्हती. पितळ आणि तांबं आपल्याकडे वजनावर विकतात. भांड्याच्या दुकानदारानं बिलावर लिहिलं होतं, समई जोड 2.600 किलो, दर 950, रक्कम 2,470. खाली तांब्याची कळशी 1.250 किलो, दर 1,200, रक्कम 1,500. म्हणजे हे बिल किंमत तर सांगत होतंच, पण वजन पण सांगत होतं. इरकल साडीचं बिल 3,200 चं होतं, त्यावर वजन अर्थातच नव्हतं, मावशीकडच्या तशाच दुसऱ्या इरकलचं वजन केलं तर साधारण 400 ग्रॅम भरलं. आता बेरीज करा: 2.6 आणि 1.25 आणि 0.4, झाले 4.25 किलो. आपल्याला हिशोब हवा होता 4.35 चा. उरलेले शंभर ग्रॅम म्हणजे समयांभोवती गुंडाळलेले पेपर, ते पण गेले होते.

दुसरा पुरावा मावशीनं नकळत तयार केला होता. खोका बंद करायच्या आधी तिनं वरून एक फोटो काढून रेवाला पाठवला होता, "बघ काय काय पाठवतेय". त्या फोटोत कळशी आणि साडी स्पष्ट दिसत होती. समया पेपरात गुंडाळलेल्या होत्या, फोटोत नुसती दोन लांबट पुडकी दिसत होती, त्यात समया आहेत की लाटणं हे कुणीही सांगू शकलं नसतं. पण वजनानं ते भरून काढलं, कारण कळशी आणि साडी मिळून फक्त 1.65 किलो होतात, आणि 4.35 चा फरक त्या पुडक्यांत अडीच किलोच्या वर काहीतरी असल्याशिवाय येऊच शकत नाही.

तिसरं म्हणजे टेप. मावशीनं खोका तपकिरी टेपनं बांधला होता. रेवानं वरून कापला ती तपकिरीच होती. पण खोका उलटा केल्यावर तळाच्या जोडावर तपकिरी टेप कापलेली आणि तिच्यावर कंपनीचं नाव छापलेली टेप लावलेली दिसली. खोका फुटला तर हबमध्ये, म्हणजे वाटेत पार्सलं वेगळी करून पुढे पाठवतात त्या केंद्रात, परत टेप मारतात, त्यात गैर काही नाही, पण तसं केलं की त्याची नोंद व्हायला हवी आणि आत काय आहे ते बघायला हवं. रेवानं तळाचा जवळून फोटो काढला, दोन्ही टेपा एकावर एक दिसतील असा. तुम्ही पण पार्सल घेताना वरून बघून समाधान मानू नका, खोका उलटा करा.

फुटलेल्या वस्तूंमध्ये मिक्सर होता. 23 जानेवारीला 4,899 ला घेतलेला, नवा कोरा. मावशीला पूर्ण 4,899 मागायचे होते. मी रेवाला आधी सर्व्हिस सेंटरला पाठवलं. त्यांनी बघून लेखी दिलं की खालच्या बॉडीला तडा गेलाय आणि कपलर तुटलाय, मोटर ठीक आहे, दुरुस्तीचा अंदाज 1,350. मग आम्ही 1,350 च मागितले. दुरुस्त होणाऱ्या वस्तूची पूर्ण किंमत मागितली की समोरचा पहिला प्रश्न विचारतो की दुरुस्त का नाही केली, आणि मग तिथून पुढे सगळी यादीच तो त्या नजरेनं बघतो. कपांचं उलटं होतं. सहांपैकी चार कप फुटले, बश्या सगळ्या शाबूत. चारच कपांचे पैसे मागावेत असं कुणालाही वाटेल, पण दुकानदार सुटे कप देत नव्हता, म्हणून पूर्ण सेटचे 1,140 मागितले आणि पत्रात स्पष्ट लिहिलं की उरलेले दोन कप आणि सहा बश्या कंपनीनं घेऊन जाव्यात. हे लिहिलं की मागणी लोभाची वाटत नाही आणि हिशोबानं पण ते बरोबर आहे, वस्तूचे पूर्ण पैसे घेतले तर उरलेले अवशेष देणाऱ्याचे होतात.

राहिलं लोणचं. लोणच्याची बरणी फुटली, तेल सांडलं, दोन सुती साड्या खराब झाल्या. यावर मावशीचं आणि माझं चांगलंच वाजलं. साड्या मिळून हजार-बाराशेच्या असतील आणि तिला ते लावायचे होते. पण पावतीच्या मागे जी न पाठवायच्या वस्तूंची यादी होती त्यात द्रव पदार्थ होते आणि तेलकट लोणचं त्यात सहज बसवता येतं. आम्ही तेलानं खराब झालेल्या साड्यांचे पैसे मागितले असते तर कंपनीनं तेच धरलं असतं, की मुळात तुम्हीच बंदी असलेली वस्तू घातली, तिच्यामुळे खोका भिजून कमकुवत झाला, त्यामुळे फुटला. बाराशे रुपयांसाठी साडेनऊ हजारांचा दावा धोक्यात. आणि लपवायचं पण नव्हतं, कारण प्रत्येक फोटोत तेल दिसतच होतं. म्हणून पत्रात लोणच्याचा उल्लेख केला आणि त्याचे शून्य रुपये मागितले. मावशी दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

पत्र सोमवारी, 10 फेब्रुवारीला गेलं. कंपनीच्या तक्रार विभागाला मेल, त्याच दिवशी मुख्य ऑफिसच्या पत्त्यावर स्पीड पोस्ट, आणि एजंटकडे एक प्रत देऊन दुसरीवर त्याचा शिक्का. पाठवणारी म्हणून सही मावशीची, कारण पैसे भरून करार तिनं केला होता, आणि खाली रेवाचं दोन ओळींचं निवेदन की मी पार्सल स्वीकारलं आणि वरची हकीकत खरी आहे. पत्र असं होतं:

"विषय: पार्सल क्रमांक (पावतीवरचा), बुकिंग सांगली 3/2/2025, डिलिव्हरी नागपूर 8/2/2025. वस्तू कमी पोचल्याबद्दल आणि वस्तू फुटल्याबद्दल लेखी नोटीस व भरपाईची मागणी.

महोदय,

वरील पार्सल मी आपल्या सांगली येथील एजंटकडे बुक केलं. पावतीनुसार प्रत्यक्ष वजन 17.3 किलो होतं. 8/2/2025 रोजी दुपारी ते माझ्या मुलीला नागपूर येथे मिळालं. मोबाईलवर सही घेताना शेरा लिहायला जागा दिली गेली नाही आणि तिच्यासमोर खोका तपासला गेला नाही. उघडल्यावर वस्तू कमी आढळल्या. सर्व उरलेलं सामान, फुटलेले तुकडे आणि पॅकिंगसह त्याच दिवशी वजन केलं असता 12.95 किलो भरलं. फरक 4.35 किलो. खोक्याच्या तळाला माझी टेप कापून त्यावर आपल्या कंपनीची टेप लावलेली आहे.

अ. न मिळालेल्या वस्तू. पितळी समई जोड, 2.600 किलो, रु. 2,470 (बिल सोबत). तांब्याची कळशी, 1.250 किलो, रु. 1,500 (त्याच बिलात). इरकल साडी एक, अंदाजे 400 ग्रॅम, रु. 3,200 (बिल सोबत). एकूण रु. 7,170.

ब. फुटलेल्या वस्तू. मिक्सर, बॉडी व कपलर, दुरुस्ती खर्च रु. 1,350 (सर्व्हिस सेंटरचा लेखी अंदाज सोबत). कपबशी सेट, सहापैकी चार कप फुटले, सुटे मिळत नाहीत, रु. 1,140 (बिल सोबत, उरलेला भाग आपण घेऊन जावा). एकूण रु. 2,490.

खोक्यातली लोणच्याची बरणीही फुटली. तिची किंवा तेलानं खराब झालेल्या कपड्यांची भरपाई मी मागत नाही.

अ आणि ब मिळून रु. 9,660, आणि बुकिंगचे रु. 991 परत, अशी एकूण रु. 10,651 ची मागणी आहे.

कृपया या पार्सलचं प्रत्येक हबवर नोंदलेलं वजन आणि परत टेप लावल्याची नोंद कळवावी. खोका आणि सर्व सामान जसंच्या तसं ठेवलं आहे, आपला माणूस येऊन बघू शकतो. 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावं. हे पत्र कॅरेज बाय रोड कायदा 2007 च्या कलम 16 खालील नोटीस समजावं."

शेवटच्या ओळीबद्दल सांगतो. या कायद्यात माल वाहणाऱ्यांच्या व्याख्येत कुरिअर एजन्सी नावानिशी आहे, आणि कलम 16 म्हणतं की नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत दिली नसेल तर पुढे दावाच करता येत नाही. डिलिव्हरीपासून नाही, बुकिंगपासून. मावशीच्या बाबतीत ते 180 दिवस 2 ऑगस्टला संपत होते. लोक कस्टमर केअरला फोन करत राहतात, तिकीट नंबर मिळवत राहतात आणि फोनला लेखी नोटीस समजून बसतात. म्हणून ती ओळ पत्रात असलीच पाहिजे.

आणि हबवरच्या वजनाची मागणी. मोठ्या हबमध्ये पट्ट्यावरून जाताना पार्सलचं वजन मशिन आपोआप घेतं, कारण कंपनीला एजंटनं कमी वजन दाखवून पैसे बुडवलेत का ते पकडायचं असतं. ती नोंद त्यांच्याकडे असते, तुमच्या ट्रॅकिंगमध्ये दिसत नाही. तुम्ही ती लेखी मागितली की आतल्या माणसाला ती उघडून बघावीच लागते, आणि एकदा त्यानं बघितली की "पार्सल व्यवस्थित पोचलं" असं लिहिताना त्याचा हात थांबतो.

पहिलं उत्तर मात्र 13 तारखेला छापील आलं. पार्सल सहीनं स्वीकारलं आहे, तरी सद्भावना म्हणून अटींप्रमाणे कमाल 500 रुपये देऊ. वजनाबद्दल एक शब्द नाही. मी मावशीला हे आधीच सांगून ठेवलं होतं, पहिलं उत्तर पत्र न वाचताच जातं. आम्ही त्याच मेलला उत्तर दिलं, फक्त चार ओळी, की आपण वजनाच्या फरकाबद्दल काहीच म्हटलेलं नाही, आणि सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर, 1915 वर, तक्रार नोंदवून तिचा नंबर लिहिला. हेल्पलाईन निकाल देत नाही, ती तक्रार कंपनीकडे पोचवते आणि उत्तर मागते, पण त्यामुळे फाईल छापील उत्तरं देणाऱ्या टेबलावरून उचलली जाऊन वर जाते, हे मी आतून बघितलेलं आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मावशीला फोन आला. बोलणाऱ्या बाई समजूतदार होत्या. त्यांनी फोनवर मान्य केलं की पहिल्या हबला वजन 17.3 आणि नागपूरच्या हबला 13 च्या आसपास आहे. लेखी द्यायला तयार नव्हत्या. पण भरपाई 5,000 आणि बुकिंगचे 991 देतो म्हणाल्या, आणि 5,000 च का यावर त्यांचं उत्तर होतं, पावतीवर तुम्ही मालाची किंमत 5,000 जाहीर केलीय.

हे आमच्याकडूनच सुटलं होतं. बुकिंगच्या वेळी एजंटनं विचारलं, "किंमत किती टाकू?" आणि मावशी म्हणाली, "टाका काहीतरी." त्यानं 5,000 टाकले, खाली मावशीची सही. त्याच कायद्याखालच्या नियमांत, कंपनीनं जास्त जोखीम घ्यावी म्हणून जादा दर भरलेला नसेल तर जबाबदारीची मर्यादा भाड्याच्या दहापट आहे, मावशीच्या 840 चे 8,400 झाले असते, पण ती रक्कम जाहीर केलेल्या किमतीच्या वर जात नाही. म्हणजे 500 ची त्यांची अट आम्ही झुगारू शकत होतो, 5,000 ची भिंत फार अवघड होती. ग्राहक आयोगात जाता आलं असतं, मावशी राहते त्या जिल्ह्यातच, 5 लाखांपर्यंत फी पण नाही, आणि मुदत दोन वर्षांची. पण सही केलेल्या पावतीवरची मर्यादा ग्राहकाला बांधते असं सुप्रीम कोर्टानं 1996 मध्येच भारती निटिंग कंपनीच्या केसमध्ये धरलेलं आहे, आणि कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला तोच निकाल पुढे ठेवणार. मी मावशीला दोन्ही बाजू सांगितल्या. तिनं एक रात्र विचार केला आणि घ्यायचे ठरवलं.

पैसे देण्याआधी कंपनीनं एक कागद सहीला पाठवला, त्यात "पूर्ण व अंतिम तडजोड, यापुढे कोणताही दावा नाही" असं होतं पण रक्कम लिहायची जागा कोरी होती. मी तिला सांगितलं की रक्कम आकड्यात आणि अक्षरात भरून येईपर्यंत सही करायची नाही. त्यांनी 5,991 भरून परत पाठवला, मग सही झाली, आणि 24 मार्चला पैसे खात्यात आले. मिक्सर त्यातूनच दुरुस्त झाला. कप न्यायला कुणीही आलं नाही, ते दोन कप रेवा अजून वापरते.

एप्रिलमध्ये मावशीनं त्याच दुकानातून तशीच समयांची जोडी घेतली, यावेळी 2.580 किलो भरली, आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसनं सांगलीहून नागपूरपर्यंत मांडीवर घेऊन गेली.